रंगाचा हात फिरण्याआधी भिंत पाहावी

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी नोकरीनिमित्त ठाण्यात राहतो आणि पुण्यात कोथरूडला आमचा ६४० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. चार वर्षे राहिलेले भाडेकरू ३० सप्टेंबरला जागा सोडत आहेत आणि नव्या भाडेकरूंना १६ ऑक्टोबरला किल्ली देण्याचे ठरले आहे. एका कंत्राटदाराने मटेरियलसह ६२,००० रुपयांचे कोटेशन दिले असून त्यावर ‘संपूर्ण रंगकाम व किरकोळ दुरुस्ती’ एवढीच एक ओळ आहे. निम्मे पैसे तो आधी मागतो आहे. हॉलच्या ज्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, तिथे खालच्या बाजूला पोपडे आले आहेत. मला फार तर दोनतीन वेळा पुण्याला जाता येईल. त्याला काम नेमके कसे सांगावे आणि पैसे कसे द्यावेत?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या कोटेशनमधला ६२,००० हा आकडा जास्त आहे की कमी, हे मला सांगता येणार नाही आणि खरे तर कंत्राटदारालाही सांगता येणार नाही, कारण त्या एका ओळीत काय येते आणि काय येत नाही, हे त्याने किंवा आपण कोणीच ठरवलेले नाही. रंगकामात प्रत्येक थर आधीच्या थराला झाकून टाकतो. पुट्टीखाली खरवडलेली भिंत जाते, प्रायमरखाली पुट्टी आणि रंगाखाली प्रायमर. शेवटचा हात फिरल्यावर चांगले आणि वाईट काम महिनाभर तरी सारखेच दिसते. म्हणून काम सांगताना, दिवस आखताना आणि पैसे देताना एकच धोरण ठेवावे, ते म्हणजे जे झाकले जाणार आहे ते झाकले जाण्यापूर्वी पाहावे आणि पाहिल्यावरच पुढचा हप्ता द्यावा. आपल्या दोनतीन फेऱ्याही याच हिशेबाने लावाव्यात.

पहिली फेरी भाडेकरू घरात असतानाच, त्यांची वेळ विचारून, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करावी आणि कंत्राटदाराला सोबत न्यावे. या वेळी टेप, मोबाइल, सेलोटेप आणि एक ओला रुमाल जवळ असू द्यावा. प्रत्येक खोलीत एका भिंतीवर ओला रुमाल किंवा हात दाबून फिरवावा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर खाली जुने डिस्टेंपर किंवा चुना आहे आणि तो पूर्ण खरवडल्याशिवाय वर दिलेले काहीही टिकणार नाही. भुकटी नसेल तर एखाद्या कोपऱ्यात ब्लेडने फुलीसारखे दोन छेद द्यावेत, त्यावर सेलोटेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढावी. टेपला रंगाचे तुकडे चिकटून आले तर तिथेही खरवडणे आहे. काहीच निघाले नाही तर जुना रंग धरून आहे, म्हणजे नुसते घासून, भोके व चिरा तेवढ्या पुट्टीने भरून भागेल. ‘पूर्ण पुट्टी’ आणि ‘टचिंग पुट्टी’ यांच्या दरात मोठा फरक असतो आणि बहुतेक भांडणे याच दोन शब्दांवरून होतात. कोणत्या खोलीत काय, हे दोघांनी मिळून तिथल्या तिथे ठरवावे.

त्याच भेटीत मापे घ्यावीत. उदाहरणादाखल बारा बाय दहाची एक बेडरूम घेऊ. चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट आणि उंची साडेनऊ फूट, म्हणजे ४१८ चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा केले की ३७७ उरतात, आणि छताचे १२० मिळवले की ही खोली ४९७ चौरस फुटांची झाली. आपल्यासारख्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या टाइल्स सोडून रंगवायचे क्षेत्र साधारण कार्पेटच्या तिप्पट भरते, म्हणजे १,९०० ते १,९५० चौरस फूट, आणि त्यात भिंती सुमारे १,३४० व छत सुमारे ६०० असे धरता येईल. प्रत्यक्ष मापे थोडी वेगळी येतील. पण कंत्राटदार २,४०० लावत असेल, तर त्याने दारे-खिडक्या वजा केल्या आहेत का, एवढा एक प्रश्न विचारण्याइतका आधार आपल्या हाती असेल.

आता कागद. कोटेशनवर ‘संपूर्ण रंगकाम’ न लिहिता खोलीवार, भिंतवार लिहावे. हॉलच्या नोंदीचा नमुना असा होईल:

*हॉल. छत: टचिंग पुट्टी, प्रायमर फक्त पुट्टीच्या जागी, पांढऱ्या इमल्शनचे दोन हात. गॅलरीकडील व प्रवेशदाराकडील भिंती: खिळ्यांची भोके व केसासारख्या चिरा भरणे, घासणे, इमल्शनचे दोन हात. टीव्हीची भिंत: ब्रॅकेट काढणे, सहा भोके भरणे, संपूर्ण भिंतीवर एक हात प्रायमर व दोन हात इमल्शन. बाथरूमलगतची भिंत: खालची चार फूट बाय तीन फूट जागा वेगळी धरावी, तिचे काम स्वतंत्र कलमाप्रमाणे. प्रवेशदार: दोन्ही बाजू घासून ऑइल पेंटचे दोन हात, कडी बदलणे.*

नोंद कंटाळवाणी वाटेल, पण ‘दोन्ही बाजू’ हे दोन शब्द नसले तर दाराची मागची बाजू आणि वरची कड तशीच राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ‘किरकोळ दुरुस्ती’चेही असेच मोजून लिहावे: कोणता नळ, कोणते बिजागर, किती स्विच, फ्लश टाकीचे काय. जी मोडतोड भाडेकरूंकडून झाली आहे तिच्यापुढे खूण करून ठेवावी. चार वर्षांत रंग मळणे ही वापराची झीज आहे आणि फुटलेले बेसिन हे नुकसान आहे, आणि डिपॉझिटचा हिशेब करताना ही खूण उपयोगी पडेल. शेवटी एक ओळ अवश्य हवी: यादीबाहेरचे कोणतेही काम दर कळवून, व्हॉट्सॲपवर होकार आल्याशिवाय करू नये आणि केल्यास त्याचे पैसे मागू नयेत. सोसायटीची परवानगी कोण काढणार आणि राडारोडा कोण उचलणार, हेही त्याच कागदावर येऊ द्यावे.

पोपड्यांच्या भिंतीकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण आपले पंधरा दिवस खरे तिथेच अडणार आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये अशीच एक भिंत होती. कंत्राटदाराने ती खरवडली, वर ‘डॅम्प प्रूफ’ म्हणून काहीतरी लावले, पुट्टी केली, रंग दिला आणि सगळे पैसे घेतले. दोन महिन्यांत पुट्टी पापडासारखी सुटली. दोष रंगाचा नव्हता. पाणी येत होते पलीकडून, आणि आम्ही काम करत होतो अलीकडे. पाणी कुठून येते हे शोधण्याआधी मी रंगाचे पैसे दिले, ही माझी चूक.

आपल्याकडे एक सोय अशी आहे की १ ऑक्टोबरला फ्लॅट रिकामा असेल आणि रिकाम्या घरात ओलीचा उगम शोधणे सोपे जाते. पोपडे खरवडून एक फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून त्या जागी चिकटवावा आणि २४ तास ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला आले तर ती हवेतली आहे. भिंतीतली असेल तर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवून ठेवावे आणि हॉलच्या बाजूने डाग पसरतो का ते पाहावे. पसरला तर बाथरूमच्या तळाशी, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत, ट्रॅपभोवती किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये दोष आहे. साठवलेले पाणी काढून, सर्व नळ बंद ठेवूनही दोनतीन दिवसांत जागा तशीच ओली होत राहिली, तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्यावा आणि प्लंबरकडून पाइपमध्ये दाब भरून तपासून घ्यावे. २ ऑक्टोबरला सुटी असल्याने सोसायटीत ठोकाठोकी चालणार नाही, पण पाणी साठवायला तो दिवस उत्तम आहे.

दोष सांध्यांत असेल तर जुना ग्राउट कोरून काढून, सांधे कोरडे करून, एपॉक्सी ग्राउट भरणे हे दोन दिवसांचे काम आहे. वॉटरप्रूफिंगच गेले असेल तर बाथरूम उकरावे लागते, आणि ते १६ ऑक्टोबरच्या आत बसवण्याचा हट्ट धरू नये. त्यापेक्षा नव्या भाडेकरूंशी बोलून तारीख पुढे न्यावी. ओल वरच्या मजल्यावरून किंवा इमारतीच्या बाहेरच्या पाइपवरून येत असेल तर प्रश्न वरच्या सभासदाचा किंवा सोसायटीचा आहे. त्याचे पत्र सेक्रेटरींना लगेच द्यावे, कारण आपल्या कंत्राटदाराने आपल्या बाजूने काहीही लावले तरी ती ओल थांबणार नाही.

आता यातली खरी मर्यादा. गळती थांबली तरी भिंत लगेच कोरडी होत नाही. ती १२ चौरस फुटांची जागा विटेपर्यंत फोडून नवा सिमेंटचा गिलावा करावा लागेल, त्यावर आठवडाभर पाणी मारावे लागेल आणि त्यानंतर तो वाळायला आणखी तीनचार आठवडे लागतील. ओल्या गिलाव्यावर पुट्टी भरली की क्षार वर येतात आणि आपण पुन्हा मूळपदावर. म्हणून त्या जागेचे काम दोन टप्प्यांत लिहून घ्यावे: ऑक्टोबरमध्ये गळती बंद करणे व गिलावा, आणि पुट्टी, प्रायमर, रंग दिवाळीनंतर. चार फूट बाय तीन फुटांचा तुकडा महिनाभर उघडा दिसेल, सोफ्यामागे जाईल. नव्या भाडेकरूंना हे आधीच लेखी कळवले तर सहसा कोणी अडून बसत नाही.

उरलेल्या घराचे दिवस असे पडतील. १ आणि २ ऑक्टोबर तपासणी. ३ ते ५ फोडाफोडी, प्लंबिंग, ग्राउट, गिलावा, इलेक्ट्रिकचे आणि सुताराचे काम, म्हणजे ज्यात ठोकणे, कोरणे, ड्रिल करणे आले ते सगळे. रंग झाल्यावर इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने बोर्डाभोवती वीतभर रंग उडवला, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की क्रम कागदावर लिहूनच द्यावा. ६ ते ८ खरवडणे, पुट्टीचे दोन थर व घासकाम, ९ ला प्रायमर, १० ला आपली भेट, ११ आणि १२ ला रंगाचे दोन हात. ऑइल पेंटच्या एका हातानंतर दुसऱ्यासाठी रात्र जाऊ द्यावी लागते आणि वास दोनतीन दिवस राहतो, म्हणून दारे व ग्रिल १२ ला आटोपलेली असावीत. १३ ला आपली शेवटची भेट, १४ ला सफाई. १५ तारीख मोकळी ठेवावी आणि ती मोकळी आहे हे कंत्राटदाराला सांगू नये.

उशीर झाल्यास रोजचा दंड लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, मला तो पटत नाही. एवढ्या लहान कामात दंड वाढू लागला की माणूस काम अर्धे टाकून जातो. दिवाळीच्या तोंडावर कंत्राटदाराकडे चार कामे असतात आणि आपली माणसे उचलून तो दुसरीकडे नेतो, हा खरा धोका आहे. त्यासाठी ‘रोज किमान तीन माणसे’ अशी अट घालावी आणि रोज दुपारी चार वाजता ठरलेल्या सहा जागांचे फोटो मागवावेत. जागा त्याच असल्या की काम पुढे सरकले की नाही हे ठाण्यात बसूनही कळते.

साहित्याबाबत ‘चांगल्या कंपनीचा रंग’ असे लिहून चालत नाही, कारण एकाच कंपनीचे चारपाच दर्जाचे इमल्शन असतात. उत्पादनाचे पूर्ण नाव, शेडचा कोड आणि डब्याचे माप लिहावे. भाड्याच्या घराला सर्वांत महाग रंग नको आणि डिस्टेंपरही नको. ओल्या फडक्याने पुसता येईल असे मधल्या दर्जाचे ॲक्रिलिक इमल्शन, सर्व खोल्यांत एकच फिकट शेड आणि छताला पांढरा, हे पुरे. एकच शेड असली की पुढच्या वेळी टचअप करता येतो.

किती रंग लागेल हे डब्यावरून काढावे. समजा, डब्यावर एका लिटरमागे दोन हातांत ११० चौरस फूट छापले आहे. १,३४० चौरस फूट भिंतींना १२ लिटरहून थोडा जास्त लागेल आणि वाया जाणारा धरून १४ लिटर, म्हणजे दहा लिटरची एक बादली आणि चार लिटरचा एक डबा. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्तच लागते. तेव्हा भिंतींसाठी फक्त दहा लिटरची बादली आली, तर दुसरा हात गाळला जाणार आहे किंवा पाणी डब्यावर सांगितल्याहून जास्त घातले जाणार आहे. सीलबंद डबे आल्यावर बॅच नंबर दिसेल असा फोटो मागवावा आणि रिकामे डबे शेवटचा हिशेब होईपर्यंत फ्लॅटमध्येच ठेवायला सांगावेत. नंतर पेंटरने ते नेले तर नेऊ द्यावेत, तशी रीतच आहे. डब्यात पेंटरसाठी कंपनीचे टोकन असते, त्यामुळे एखाद्याचा विशिष्ट रंगावर जीव असतो. त्यावरून वाद घालू नये, फक्त ठरलेला दर्जा बदलू देऊ नये. पुट्टीची बॅग मात्र आपण स्वतः पाहावी. जुनी, गाठी झालेली बॅग स्वस्तात मिळते.

१० तारखेची भेट चुकवू नये, बाकी कोणती चुकली तरी चालेल. शक्यतो संध्याकाळी अंधार पडल्यावर जावे, खोलीतले दिवे बंद करावेत आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. समोरून सपाट दिसणारी भिंत या उजेडात आपले सगळे दोष दाखवते: पत्र्याचे ओरखडे, न घासलेल्या पुट्टीच्या लाटा, भोकाच्या जागी बसलेली खळगी. जिथे दोष दिसेल तिथे पेन्सिलने गोल करावा. पेनाने करू नये, शाई रंगातून वर येते. मग तळवा फिरवून पाहावा, भुकटी लागली तर घासकामानंतर भिंत झाडलेली नाही. एवढे नीट असेल तर वरचे दोन हात कोणीही चांगले देईल.

पैशांचा आराखडा याच भेटींना बांधावा. निम्मे पैसे आधी देऊ नयेत. जागेवर आलेले साहित्य आणि झालेले काम यांच्या किमतीपेक्षा आपले दिलेले पैसे कधीही फार पुढे जाऊ नयेत. मात्र लहान कंत्राटदाराला माणसांना रोज उचल द्यावी लागते आणि दुकानदाराला रोख, हेही ध्यानात घ्यावे. एक पैसाही न देता त्याने सगळे आपल्या खिशातून करावे, अशी अपेक्षा ठेवली तर तो साहित्यातच वाचवेल. ६२,००० चे हप्ते मी असे पाडले असते: पुट्टी, प्रायमर आणि प्लंबिंगचे सामान जागेवर पोहोचल्याचा फोटो आल्यावर १२,०००. दुरुस्त्या पूर्ण होऊन बाथरूममध्ये पुन्हा पाणी साठवून तपासल्यावर १०,०००. १० तारखेला प्रायमर पाहून १५,०००, आणि यातूनच तो रंगाचे डबे उचलेल. १३ ला दोन्ही हात दिवसाच्या उजेडात पाहून १५,०००. राहिलेले टचअप, सफाई आणि राडारोडा आटोपल्यावर ६,०००. उरलेले ४,००० दिवाळीनंतर.

हप्ता कोणत्या कामावर मिळणार हे तारखेने न लिहिता कामाने लिहावे. ‘१० तारखेला १५,०००’ असे लिहिले की काम झालेले नसतानाही दहा तारखेला फोन येतो. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत आणि शेऱ्यात हप्त्याचा क्रमांक टाकावा. मधेच ‘माणसांना द्यायला पाच हजार सोडा’ असा निरोप येईलच. त्या वेळी हप्त्याचा काही भाग सोडायला हरकत नाही, पण झालेल्या कामाइतकाच, आणि तो पुढच्या हप्त्यातून वळता होईल असे त्याच मेसेजमध्ये लिहून.

शेवटचे ४,००० त्या ओल्या तुकड्यासाठी राखलेले आहेत. रंग उरला असेल तर त्यातला लिटरभर झाकण घट्ट लावून, वर शेड कोड आणि तारीख लिहून, माळ्यावर ठेवायला सांगावे. दिवाळीनंतर नव्या भाडेकरूंना त्या गिलाव्यावर पुन्हा एकदा प्लास्टिकचा तुकडा एक दिवस चिकटवायला सांगावे आणि त्याचा फोटो मागवावा. आत थेंब नसतील तर पेंटर एक माणूस पाठवून पुट्टी, प्रायमर आणि तोच रंग देईल. एकूण तीनचार तासांचे काम आहे, पण थर वाळायला वेळ लागत असल्याने दोन दिवसांत मिळून होईल. थेंब असतील तर पैसे राहू द्यावेत आणि प्लंबरला आधी बोलवावे.